बाउचरने तो चेंडू का तटवला? पार स्कोअरचं गणित समजावून सांगा

मिडविकेट

मुलाला सध्या जुने सामने बघायचं वेड लागलंय. परवा आम्ही दोघांनी 2003च्या विश्वचषकातला डर्बनचा सामना बघितला, दक्षिण आफ्रिका विरुद्ध श्रीलंका. श्रीलंकेच्या 50 षटकांत 9 बाद 268 धावा. आफ्रिकेचा पाठलाग चालू असताना पाऊस वाढत गेला. 45वं षटक मुरलीधरनचं होतं. शेवटून दुसऱ्या चेंडूवर बाउचरने षटकार ठोकला आणि धावफलकावर 6 बाद 229 लागले. आणि शेवटचा चेंडू त्याने शांतपणे तटवला. धाव घ्यायची घाईच नाही. त्यानंतर खेळाडू आत गेले, पाऊस थांबला नाही आणि सामना बरोबरीत सुटला. यजमान संघ पहिल्याच फेरीत स्पर्धेबाहेर.

मुलाने मला दोनच प्रश्न विचारले. त्याने एक धाव का काढली नाही? आणि 229 हा आकडा आला कुठून? पहिल्याचं उत्तर मला अर्धवट माहीत होतं, की ड्रेसिंग रूममधून 229चा निरोप गेला होता. दुसऱ्यावर मात्र मी "डकवर्थ-लुईस" एवढंच म्हणून गप्प बसलो. इतकी वर्षं क्रिकेट बघतोय आणि हे मला सांगता येत नाही याचं वाईट वाटलं. कुणी नीट समजावेल का? आकडेमोड चालेल, फक्त पायरीपायरीने सांगा.

---

रनरेट_राजा

सोपं आहे हो. श्रीलंकेची सरासरी काढा. 268 भागिले 50 म्हणजे षटकाला 5.36. पंचेचाळीस षटकांचे झाले 241. आता पाच षटकं वाया गेली, तर पहिल्या संघाची सगळ्यात कमी धावांची षटकं वगळतात आणि उरलेल्यांची बेरीज धरतात. त्यात विकेटचाही काहीतरी हिशेब असतो, त्यामुळे आकडा थोडा मागेपुढे होतो. म्हणून 229.

---

स्कोअरर_अनघा

राजा, विकेटचा हिशेब असतो हे तुमचं बरोबर आहे, आणि खरं तर सगळा खेळ तिथेच आहे. पण कमी धावांची षटकं वगळण्याचा नियम डकवर्थ-लुईसचा नाही. तो त्याच्या आधीचा, 1992च्या विश्वचषकातला. सिडनीच्या उपांत्य सामन्यात त्याच नियमाने आफ्रिकेचा घात केला. पाऊस आला तेव्हा त्यांना 13 चेंडूंत 22 हव्या होत्या. दोन षटकं गेली, आणि इंग्लंडच्या सगळ्यात कमी धावांच्या दोन षटकांत मिळून एकच धाव झालेली होती. म्हणून लक्ष्यातून एकच धाव कमी झाली. उरला 1 चेंडू आणि हव्या होत्या 21. आफ्रिकेच्याच प्रिंगलने टिच्चून टाकलेल्या निर्धाव षटकांचा फायदा असा उलटा इंग्लंडला मिळाला. या प्रकारानंतरच फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या दोन इंग्लिश संख्याशास्त्रज्ञांची पद्धत पुढे आली. ती पहिल्यांदा वापरली गेली 1 जानेवारी 1997ला, हरारेत, झिम्बाब्वे-इंग्लंड सामन्यात.

आता मिडविकेट, तुमच्या 229कडे येऊ.

डाव सुरू होताना संघाच्या गाठीशी दोन गोष्टी असतात, षटकं आणि विकेट. 50 षटकं आणि 10 विकेट ही पूर्ण पुंजी, तिला 100 टक्के म्हणायचं. खेळ पुढे सरकतो तशी दोन्ही बाजूंनी ती खर्च होते. डकवर्थ-लुईसचा तक्ता एवढंच सांगतो की इतकी षटकं उरली आहेत आणि इतक्या विकेट पडल्या आहेत, तर अजून किती टक्के पुंजी शिल्लक आहे. हे टक्के कुणी मनाने ठरवलेले नाहीत. शेकडो सामन्यांत त्या त्या अवस्थेपासून पुढे सरासरी किती धावा होतात, यावरून ते काढलेत.

डर्बनला 5 षटकं बाकी होती आणि 6 विकेट पडल्या होत्या. तक्त्यात त्या जागी 14.3 आहे. म्हणजे आफ्रिकेने वापरले 100 वजा 14.3, म्हणजेच 85.7 टक्के. श्रीलंकेने पूर्ण 100 वापरून 268 केल्या. मग 85.7 टक्क्यांत किती व्हायला हव्यात?

268 × 85.7 ÷ 100 = 229.676

अपूर्णांक सोडून द्यायचा. उरले 229. हा पार स्कोअर. खेळ आत्ता, याच चेंडूनंतर कायमचा थांबला तर दोन्ही संघ सारखेच ठरतील, असा हा आकडा. जिंकायला त्याहून एक जास्त, म्हणजे 230. बाउचरला निरोप मिळाला तो 229चा, आणि तो जिंकण्याचा आकडा समजून दिला गेला. कागदावर आकडा बरोबर छापलेला होता, वाचताना चूक झाली. म्हणूनच मी नवीन स्कोअररना पहिल्या दिवशी सांगते की पार म्हणजे बरोबरी, आणि कुणी विचारलं तर तोंडाने नेहमी "पार अधिक एक" म्हणायचं.

---

मिडविकेट

अनघाताई, मनापासून आभार. कागद पेन्सिल घेऊन मुलासोबत करून बघितलं, तंतोतंत 229. त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही!

आता त्याचाच पुढचा प्रश्न. राजांच्या सरासरीने 241 येतात आणि पार आला 229, मग हा आकडा सरासरीपेक्षा कमी का? आफ्रिकेला सूट मिळाली का?

---

स्कोअरर_अनघा

सूट नाही. शेवटची पाच षटकं ही डावातली सगळ्यात भरघोस धावांची असतात. ती अजून खेळायची बाकी होती आणि हाताशी चार विकेट होत्या. पन्नास षटकांचा डाव खेळणारा संघ 45 षटकांपर्यंत सरासरीच्या थोडा मागेच असतो आणि शेवटी भरून काढतो. षटकांच्या संख्येने बघितलं तर पाच षटकं म्हणजे दहा टक्के. पण सहा बाद असताना त्या पाच षटकांचं मोल 14.3 टक्के आहे.

विकेट बदलल्या की काय होतं तेही मुलाला दाखवा, त्याला आवडेल. तोच सामना, तीच 45 षटकं, फक्त पडलेल्या विकेट बदलायच्या. एकही विकेट पडली नसेल तर 5 षटकांची शिल्लक 17.2 टक्के, पार येतो 221. दोन बाद असतील तर 16.8, पार 222. चार बाद असतील तर 16.1, पार 224. सहा बाद, आपले 229. आणि आठ बाद असतील तर शिल्लक फक्त 9.4 टक्के, पार थेट 242.

बघा कसं आहे ते. पहिल्या चार विकेटनी मिळून पार फक्त तीन धावांनी हलला, कारण पाच षटकंच उरलेली असताना हातात दहा विकेट असल्या काय आणि सहा असल्या काय, तेवढ्या वापरायला चेंडूच नाहीत. पण सहाव्यापासून आठव्या विकेटपर्यंत पार 13 धावांनी वर उडी मारतो. आता तळाचे फलंदाज आलेत, आणि उरलेले चेंडू खेळून काढता येतीलच याची खात्री राहिलेली नाही. म्हणून पावसाच्या छायेत पाठलाग करताना एक विकेट गेली की कर्णधार लगेच कागदाकडे बघतो. विकेट पडलेल्या चेंडूवर बहुतेकदा धाव झालेली नसते, आणि आपण आधीच्या चेंडूपर्यंत पुढे असलो तरी त्या एका चेंडूने मागे पडू शकतो.

---

सीमापार

मला वाटतं मूळ प्रश्न असा आहे की सामना निकाली धरावा की नाही. वनडेत दुसऱ्या संघाची निदान 20 षटकं व्हावी लागतात, टी-20त 5. त्याहून कमी झाली तर निकालच नाही. डर्बनला 45 झाली होती, त्यामुळे निकाल लागणारच होता. यात वाद कसला?

---

मिडविकेट

सीमापार, निकाल लागणार हे मान्यच आहे. मी विचारत होतो की निकालाचा आकडा कसा ठरतो. पण ही 20 आणि 5 षटकांची अट मुलाला माहीत नव्हती, ती सांगितली.

---

जुना_ग्लोव्ह

अनघाताईंनी विकेटबद्दल जे लिहिलंय त्यावर माझी एक जखम अजून ओली आहे, ती सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. क्लबची 20 षटकांची स्पर्धा होती, उपांत्य सामना. यष्टिरक्षण करून गुडघे गेलेले, म्हणून त्या वर्षी मी गुणलेखनाला बसलो होतो. आयोजकांनी पाराचा छापील तक्ता दिला होता. समोरच्या संघाने पूर्ण 20 षटकांत 150 केल्या. आमची पोरं दहाव्या षटकाच्या सुरुवातीला 4 बाद होती. आभाळ भरून आलेलं, म्हणून मी आधीच तक्त्यात बोट ठेवून बसलो. 10 षटकं पूर्ण, 4 बाद, पार 75. आम्ही 78वर होतो. मी पॅव्हेलियनकडे हात करून खूण केली, आपण पुढे आहोत.

त्या षटकात चार धावा झाल्या आणि दोन विकेट गेल्या. एक धावबाद, आणि शेवटच्या चेंडूवर झेल. झेल पकडला तेव्हा थेंब पडायला लागले होते आणि पंचांनी लगेच बेल्स काढल्या. पुन्हा खेळ झालाच नाही. 6 बाद 82. मी जाहीर केलं, आम्ही सात धावांनी जिंकलो. पोरं नाचली, एकमेकांना खांद्यावर घेतलं. वीस मिनिटांनी पंच माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी माझं बोट तक्त्यावर दोन रकाने उजवीकडे सरकवलं. 6 बाद, पार 89. आम्ही सात धावांनी हरलो होतो.

ड्रेसिंग रूमच्या दारात उभं राहून ते पोरांना सांगणं मला अजून आठवतं. तक्ता बरोबर होता, माझा रकाना चुकला होता.

---

स्कोअरर_अनघा

ग्लोव्हकाका, वाचून पोटात कालवलं. ही चूक फार जणांकडून झाली आहे. तुमचे आकडेही पडताळून बघितले. 20 षटकांच्या डावाची पूर्ण पुंजी त्याच तक्त्यात 56.6 धरतात. चार बाद आणि 10 षटकं बाकी असताना शिल्लक 28.3, म्हणजे बरोबर निम्मी. म्हणून 150चे निम्मे 75. सहा बाद असताना शिल्लक 22.8, वापरलेले 33.8. 150 गुणिले 33.8 भागिले 56.6 म्हणजे 89.6, अपूर्णांक सोडून 89. पंच बरोबर होते.

आमच्याकडे आता असं करतात की एक जण चेंडू नोंदवतो आणि दुसरा फक्त पाराच्या कागदावर असतो. विकेट पडली की आधी पट्टी पुढच्या रकान्यावर सरकवायची, मगच विकेटची नोंद मोठ्याने म्हणायची. आणि खेळ थांबला की आकडा सांगायच्या आधी तीन गोष्टी समोरच्या स्कोअररकडून वदवून घ्यायच्या, किती चेंडू झाले, किती बाद, किती धावा. शेवटच्या चेंडूची विकेट धरली की नाही हे तिथेच कळतं.

अजून एक घोळ होतो. पाठलागाच्या मधे पावसाने षटकं कमी झाली की हातातला पाराचा कागद त्या क्षणी रद्द. नवीन लक्ष्याबरोबर नवीन कागद यावा लागतो. जुना कागद टेबलावरून उचलून फाडून टाकावा, नाहीतर घाईत कुणीतरी त्यातच बघतं.

---

पाऊसपाणी

हे सगळं पाठलाग चालू असताना पाऊस आला तर. मला खुपतं ते वेगळंच. नोव्हेंबर 2018, ब्रिस्बेनचा टी-20. ऑस्ट्रेलियाने 17 षटकांत 4 बाद 158 केल्या. आपल्यालाही 17च षटकं मिळाली, आणि लक्ष्य दिलं 174! आपण 7 बाद 169 केल्या. म्हणजे तेवढ्याच षटकांत त्यांच्यापेक्षा 11 धावा जास्त करून 4 धावांनी हरलो. धवन काय खेळला होता त्या दिवशी. हा न्याय कसा?

---

रनरेट_राजा

अगदी! तेच म्हणतोय मी. सरासरीने 159 दिल्या असत्या तर आपण जिंकलो असतो.

---

स्कोअरर_अनघा

त्या रात्री मीही चडफडले होते, खोटं कशाला बोलू. पण गणिताच्या बाजूने बघू.

पाऊस आला तेव्हा ऑस्ट्रेलियाची 16.1 षटकं झाली होती, 3 बाद 153. त्यांनी डाव आखला होता 20 षटकांचा. सात विकेट राखून ते शेवटच्या मारधाडीला निघाले होते आणि नेमकी तीच तीन षटकं कापली गेली. परत आल्यावर त्यांना पाच चेंडू मिळाले. आपल्याला मात्र पहिल्या चेंडूपासून ठाऊक होतं की 17च षटकं आहेत आणि दहा विकेट त्यातच उधळायच्या आहेत. षटकं सारखी होती, पुंजी सारखी नव्हती. त्यांच्या सहा विकेट न वापरता पडून राहिल्या.

तक्त्यातल्या सरळ आकड्यांवर हे जास्त ठसठशीत दिसतं. समजा 50 षटकांचा सामना आहे. पहिला संघ 40 षटकांत 200 करतो आणि पावसामुळे त्यांचा डाव तिथेच संपतो. दुसऱ्या संघालाही 40 षटकं. दहा विकेटसह 40 षटकांची पुंजी 89.3.

पहिला संघ 2 बाद 200 असेल तर त्यांची 10 षटकं आणि आठ विकेट वाया गेल्या. तिथे शिल्लक होती 30.8, म्हणजे वापरले फक्त 69.2. दुसऱ्या संघाकडे 20.1 टक्के जास्त आहेत. जुन्या हाती पद्धतीत या जादा टक्क्यांना 245च्या सरासरी डावाने गुणायचे. आले 49. लक्ष्य होतं 250.

तोच संघ 8 बाद 200 असेल तर शिल्लक फक्त 11.4 टक्के होती. वापरले 88.6. दुसऱ्या संघाकडे जेमतेम 0.7 टक्के जास्त. लक्ष्य 202.

धावा त्याच, षटकं तीच, आणि लक्ष्यात 48 धावांचा फरक. राजा, सरासरीने दोन्ही वेळा 201च येतील. दोन बाद असलेल्या संघाच्या गोलंदाजाच्या जागी स्वतःला ठेवून बघा, 201 तुम्हाला योग्य वाटतील का?

---

रनरेट_राजा

नाही वाटणार. 2 बाद आणि 8 बादचा हा फरक मी कधी असा समोरासमोर ठेवून बघितला नव्हता. पहिल्या डावातल्या पावसाबद्दल माझं म्हणणं मागे घेतो.

पण टी-20बद्दल माझी तक्रार कायम आहे. 2010च्या टी-20 विश्वचषकात गयानाला इंग्लंडने वेस्ट इंडिजविरुद्ध 5 बाद 191 केल्या होत्या. पाऊस आला आणि वेस्ट इंडिजला लक्ष्य मिळालं 6 षटकांत 60. षटकाला दहा धावा आणि दहा विकेट! सहा षटकांत दहा विकेट कोण गमावतो? कॉलिंगवूड चिडला होता ते बरोबरच होतं.

---

स्कोअरर_अनघा

इथे मी तुमच्या बाजूने आहे. तो तक्ता मुळात 50 षटकांच्या सामन्यांतून घडलेला. तक्त्यातले टक्के ज्या वक्रावरून येतात, त्याच वक्राचा शेवटचा तुकडा टी-20साठी वापरत होते. वनडेत दहा विकेट हातात ठेवून शेवटची सहा षटकं खेळायला मिळतात असं जवळपास कधी होत नाही, त्यामुळे तक्त्याचा तो कोपरा भरायला सामनेच कमी. पुढे आकडे सुधारले, पण पाच-सहा षटकांचा पाठलाग मला आजही पाठलाग करणाऱ्यांच्या बाजूला झुकलेला वाटतो. हे माझं मत आहे, सगळ्या स्कोअररना ते पटत नाही.

दुसरी मर्यादा अशी की पद्धतीला फलंदाजाचं नाव माहीत नसतं. पडलेली विकेट सलामीवीराची की अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजाची, खेळपट्टी भिजून बदलली का, चेंडू ओला होऊन गोलंदाजाच्या हातून सुटतोय का, यातलं काहीच ती बघत नाही. डर्बनला बाउचरच्या समोर क्लुसनर उभा होता. पण तक्त्याच्या लेखी त्याच्या जागी कुणीही असता तरी 14.3च.

---

त्रैराशिक

उशिरा येतोय. अनघाताईंच्या रीतीने मी एक सामना सोडवायला घेतला आणि अडकलो.

2019 विश्वचषक, मँचेस्टर, भारत-पाकिस्तान. भारत 5 बाद 336. पाकिस्तान 35 षटकांत 6 बाद 166, मग पाऊस, आणि सामना 40 षटकांचा केला. लक्ष्य 302. म्हणजे 5 षटकांत 136! टीव्हीवर ते बघून सगळ्यांना हा आकडा चुकला असंच वाटलं होतं.

मी तक्ता घेतला. पाऊस आला तेव्हा 15 षटकं बाकी, 6 बाद. माझ्याकडे 15ची ओळ नव्हती. 10 षटकांना 22.8 आणि 20 षटकांना 30.8 आहेत, तर वक्राच्या वळणावरून 15ला साधारण 27.8 धरले. परत आल्यावर 5 षटकं, 6 बाद, 14.3. म्हणजे 13.5 टक्के वाया गेले. उरले 86.5. 336चे 86.5 टक्के म्हणजे 290.6. लक्ष्य 291 यायला हवं. मग 302 कसे? माझे 27.8 थोडे चुकले असतील, पण त्याने 11 धावांचा फरक पडणार नाही.

---

मिडविकेट

आणि 5 षटकांत 136 हे आधी समजावा कुणीतरी. पाऊस येण्याआधी त्यांना 15 षटकांत 171 हव्या होत्या. त्यातल्या 10 षटकांबद्दल फक्त 35 धावा कमी केल्या?

---

जुना_ग्लोव्ह

मिडविकेट, याचं उत्तर माझ्या जखमेतच आहे बघा. सहा बाद झालेल्या संघाकडून त्या 10 षटकांत तरी किती धावा झाल्या असत्या? पाऊस आला नसता तर ते हरतच होते. पाऊस थांबल्यावर ते तितकेच हरत असायला हवेत. पावसाने त्यांना वर काढू नये आणि आणखी खालीही ढकलू नये. 136 हा आकडा विचित्र दिसतो कारण त्यांनी आधी केलेलं सगळं नुकसान आता पाच षटकांत कोंबलं गेलं.

---

स्कोअरर_अनघा

काकांनी अचूक सांगितलं.

त्रैराशिक, तुमची रीत बरोबर आहे. फरक आवृत्तीचा आहे. तुम्ही आणि मी वापरतोय तो जुना हाती तक्ता, एकच तक्ता सगळ्या सामन्यांना. 2003च्या विश्वचषकात तो चालला. पण त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने आपल्याविरुद्ध 359 केल्या आणि त्याची उणीव उघडी पडली. हिशेब करून बघा. 25 षटकं आणि दहाही विकेट बाकी असताना शिल्लक 66.5 टक्के. वापरले 33.5. 359चे 33.5 टक्के म्हणजे 120. म्हणजे 359च्या पाठलागात 25 षटकांत बिनबाद 120 असाल तर तुम्ही बरोबरीत आहात असं तक्ता म्हणतो. जिंकायला उरलेल्या 25 षटकांत 240 करायच्या असतात! खऱ्या सामन्यात अशा संघाला कुणीही बरोबरीत म्हणणार नाही. मोठ्या लक्ष्यासमोर सुरुवातीपासूनच मारावं लागतं, नंतर भरून काढायला जागा नसते.

म्हणून त्यानंतर मोठ्या सामन्यांत संगणकाची आवृत्ती आली. तिच्यात पहिल्या संघाची धावसंख्या जितकी मोठी तितका वक्र सरळ होतो. म्हणजे प्रत्येक सामन्याचा तक्ता वेगळा. 2014पासून ही पद्धत स्टीव्हन स्टर्न यांनी सांभाळायला घेतली, म्हणून डकवर्थ-लुईसच्या पुढे स्टर्न हे तिसरं नाव जोडलं गेलं. 336 ही मोठी धावसंख्या आहे, त्यामुळे मँचेस्टरला तुमच्या 291शी आकडा जुळणार नव्हताच.

---

त्रैराशिक

हे पटलं. पण तरी एक गोष्ट खटकते. वक्र सरळ झाला तर प्रत्येक षटकाचं मोल दोन टक्क्यांच्या जवळ जायला हवं. मग 10 षटकं गेल्यावर जास्त टक्के वाया जायला हवेत. 302वरून उलटं काढलं तर वाया गेले जेमतेम 10.4 टक्के. माझ्या 13.5पेक्षाही कमी. सरळ वक्रातून हे कसं निघतं?

---

स्कोअरर_अनघा

तुम्ही सांगताय तो सरळपणा दहा विकेट हातात असतानाचा आहे. सहा बाद झाल्यावरचे वक्र वेगळे असतात आणि धावसंख्येनुसार तेही वेगळ्या प्रमाणात बदलतात. त्यांचा तक्ता छापलेला नसतो. मैदानावर आम्ही संगणकात धावा, विकेट आणि षटकं भरतो, आकडा बाहेर येतो, आणि दोन स्कोअरर तो स्वतंत्रपणे भरून जुळवून बघतात. 10.4च का, हे मला हाताने सिद्ध करता येणार नाही. एवढंच दिसतं की मोठ्या पाठलागात मागे पडलेल्या संघाला जुन्या तक्त्याने जी मोकळीक मिळत होती ती इथे कमी झालेली आहे.

---

त्रैराशिक

मग मी पाठलाग सोडत नाही. मोठ्या धावसंख्यांचे पाच-सहा सामने घेऊन, जाहीर झालेल्या लक्ष्यांवरून उलटे टक्के काढतो आणि इथेच टाकतो. ज्यांना सामने आठवत असतील त्यांनी सुचवा. फक्त दुसऱ्या डावात एकदाच पाऊस आलेला हवा, नाहीतर दोन अज्ञात होतात.

---

मिडविकेट

नक्की टाका, वाट बघतो.

मुलाने आज शाळेतून आल्यावर पुन्हा डर्बनचं शेवटचं षटक लावलं. बाउचरने चेंडू तटवला तिथे थांबवलं आणि वहीत 5 षटकांची ती ओळ लिहून काढली. मग म्हणाला, बाबा, त्या चेंडूवर धाव घेताना धावबाद झाला असता तर सात बाद झाले असते आणि पार वर गेला असता, मग ते हरले असते ना? म्हणजे 229 जिंकायचा आकडा आहे असं ज्याला सांगितलंय, त्याने तो चेंडू तटवणंच बरोबर होतं.

मी हो म्हणालो. अनघाताई, बरोबर सांगितलं ना?

---

स्कोअरर_अनघा

अगदी बरोबर. सात बादच्या रकान्यात पार 229च्या वर होता, त्यामुळे धावबाद होणं म्हणजे हरणंच. त्याला सांगा, सुट्टीत एखाद्या सामन्याला माझ्या टेबलाशी येऊन बस. पाराच्या कागदावर बसायला मला असाच माणूस हवाय.